घर उजाडले

वारंगा फाट्यावर लालसिंगच्या दुकानात फोटोफ्रेम, लॅमिनेशन आणि श्रद्धांजलीची कार्डं होतात. कॉम्प्युटरवर बसते ती दिपाली. गिऱ्हाईक फोटो आणि तारखा देतं, आणि खालच्या ओळींपाशी येऊन अडतं. "तुमीच टाका काहीतरी चांगलं," म्हणतं. त्या चांगल्यासाठीच लोक कळमनुरीची दुकानं सोडून फाट्याला यायचे.

दिपाली आधी विचारायची. माणूस काय करायचा? घरात त्याला काय म्हणायचे? तेरवीचं कार्ड आहे की वर्षश्राद्धाचं? तेराव्याला 'भावपूर्ण श्रद्धांजली', वर्ष झाल्यावर 'प्रथम पुण्यस्मरण'. हे उलटं झालं तर लोक नावं ठेवतात. बारा बाय अठराच्या फ्रेमला खाली दोनच ओळी, एका ओळीत चार-पाच शब्द. जास्त घातले की अक्षर बारीक होतं, भिंतीवरून वाचता येत नाही. तिच्या वहीत ओळी लिहिलेल्या होत्या. मेंढरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्यासाठी तिने लिहिलं होतं, 'वाडा भरला, मोजणारा गेला.' त्याच्या पोराने दुकानातच डोळ्याला रुमाल लावला होता.

तिचा स्वतःचा नवरा शिवहार लग्नानंतर दीड वर्षात मोटारसायकलवरून जाताना टिप्परखाली गेला. त्या दिवशी ती माहेरी होती. सासरा विश्वंभर तेराव्याच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला, "पांढऱ्या पायाची घरात आणली, पोरगं गिळलं." पंधराव्या दिवशी तिची पेटी ओसरीवर आली. सासू शालूबाईने पेटीत गुपचूप दोन लुगडी आणि शेंगदाण्याच्या लाडवाचा डबा ठेवला. तेवढंच शालूबाईच्या हातात होतं. माहेरी परत आलेल्या दिपालीला टायपिंग येत होतं. लालसिंगने तिला कामावर घेतलं.

शिवहारला जाऊन वर्ष भरायला आठ दिवस होते तेव्हा विश्वंभर दुकानात आला. मागे शालूबाई. दिपाली उठून उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला. विश्वंभरने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो लालसिंगशी बोलला. "पोराचं वर्षश्राद्ध हाय. एक मोठी फ्रेम आन दोनशे कार्डं. तुमच्याकडं चांगलं होतं म्हनत्यात."

"ही आमची दिपालीबाई करते सगळं," लालसिंग म्हणाला. त्याला नातं माहीत नव्हतं.

"करू द्या. हात कुनाचाबी असो."

दिपालीने फोटो घेतला. शिवहारचा तो फोटो तिनेच काढला होता, कयाधूच्या पुलावर. मागचा पूल पुसून तिने निळं आभाळ टाकलं, कॉलर सरळ केली. मग वहीतली एक ओळ हळूच वाचली, "अंगणात पाऊल वाजलं की अजून मान वळते."

"नको तुझी वही," विश्वंभर म्हणाला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "हे टाक. मी सोता जुळवलंय."

कागदावर दोन ओळी होत्या:

पांढऱ्या पायांनी सुख आमचे नाडले,
तुझ्या जाण्याने घर उजाडले.

खाली 'शोकाकुल' म्हणून आई, वडील, बहीण, भाचे. बायको नव्हती.

पहिली ओळ कुणासाठी होती ते दिपालीला कळलं. ती ओळ दोनशे घरांत जाणार होती आणि ती तिच्याच हाताने टाइप होणार होती. मग तिची नजर दुसऱ्या ओळीवर थांबली. त्याला म्हणायचं होतं घर उजाड झालं. लिहिलं होतं उजाडलं. तू गेलास आणि घरात सकाळ झाली.

"मामा, दुसऱ्या ओळीत—"

"तुला इचारलं का?" तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलला. "नाडले, उजाडले. यमक बराबर जुळतंय. एक काना हलवलास तर दुकानासमोर पंचाईत बसवीन."

दिपालीने तसंच टाइप केलं. दुकानाची रीत होती की नमुना कागदावर काढायचा, गिऱ्हाइकाने वाचायचा आणि खाली सही करायची, म्हणजे नंतर चूक दुकानाच्या अंगावर येत नाही. विश्वंभरने सही ठोकली आणि लालसिंगबरोबर बाहेर फ्रेमची पट्टी निवडायला गेला.

शालूबाई पुढे आली. तिला अक्षर येत नव्हतं. स्क्रीनवरच्या लेकाच्या गालावर तिने बोट टेकवलं. "खाली काय लिवलंय गं?"

दिपालीने पहिली ओळ सोडली. मग म्हणाली, "तुझ्या जाण्याने घर उजाड झालं."

"बराबर हाय," शालूबाई म्हणाली. "तसंच झालंय." आणि तिने दिपालीच्या पाठीवर हात ठेवला.

दिपालीला तेव्हाही थांबता आलं असतं. तिने प्रिंट दिली.

वर्षश्राद्धाला तिला बोलावणं नव्हतं. दुपारी सासरच्या शेजारणीचा, संगिताचा फोन आला. कार्डाचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरत होता. कुणीतरी खाली उगवता सूर्य टाकला होता, कुणी 'शुभ सकाळ'. पंगतीत एक जण मोठ्याने म्हणाला होता, "पोरगं गेलं तवा उजाडलं म्हना यांच्या घरात!" पत्रावळीवर बसलेली माणसं तोंडात घास धरून हसली. विश्वंभर उठून शेतात निघून गेला. संगिता सांगताना स्वतःही हसत होती. दिपालीही हसली. वर्षभरात ती तशी हसली नव्हती.

चौथ्या दिवशी शालूबाई एकटीच ऑटोने फाट्यावर आली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम तिने टेबलावर ठेवली.

"लोकं हसले," ती म्हणाली. "मी वाढत व्हते. मला वाटलं कुनाचा इनोद झाला, म्हून मीबी हसले. मंग पोरीनं सांगितलं काहून हसून राहिले ते."

दिपालीने फ्रेमवरचं लुगडं बाजूला केलं.

"तुला माईत व्हतं?"

"व्हय, आत्याबाई."

"मला वाचून दावलंस तवा?"

"व्हय."

"आन वरची वळ? ती तर तू वाचलीच न्हाईस."

"ती माझ्यावर व्हती," दिपाली म्हणाली. "त्यांनी कार्डातून माझं नाव गाळलं, वर मलाच लिहायला लावलं. मी सांगाया गेले तर—"

"बुढ्ढ्याशी भांडन व्हतं, तर माझ्या लेकराच्या फोटूत काहून आनलंस?" शालूबाईचा आवाज चढला नाही. "त्येचं तोंड न्हाई पडलं. त्यो म्हनतो, दुकानानं चूक केली. फोटूकडं बघितलं की मलाच त्ये हसनं ऐकू येतं."

दिपालीने वही उघडली. "मी नवीन करून देते. ही बघा, अंगणात पाऊल वाजलं की—"

"तुझी वळ नको. नाव टाक, जन्म-मृत्यूच्या तारखा टाक. बास."

दिपालीने ओळी काढल्या, खालची जागा मोकळी केली, नाव मोठं केलं. नवी प्रिंट निघाली. फ्रेमच्या मागचे खिळे उपसून पुठ्ठा काढायला तिने हात घातला, तेव्हा शालूबाईने प्रिंट उचलली.

"थांब."

ती रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात गेली. गल्ल्यावरच्या अनोळखी माणसाने कागद हातात घेतला, वाचून दाखवला. तिने आणखी एकदा वाचायला लावलं. मग चहा पिणाऱ्या एका ट्रकवाल्यापुढे तोच कागद धरला. काचेआडून दिपाली बघत होती. दोघांच्या ओठांची हालचाल सारखीच झाली, तेव्हा कुठे शालूबाईने मान हलवली.

परत येऊन तिने प्रिंट टेबलावर ठेवली.

"बराबर हाय म्हनत्यात. बसव आता."

दिपालीने काच पुसली, फोटो बसवला, पुठ्ठा लावला, चारही बाजूंनी खिळे ठोकले. शालूबाईने फ्रेम लुगड्यात गुंडाळली आणि ऑटोत बसली. लाडवाचा रिकामा डबा दिपालीने कित्येक महिन्यांपासून दुकानात आणून ठेवला होता, कधी भेट झाली तर द्यायला. तो न घेताच ऑटो कळमनुरीकडे वळला.