रिपोर्ट चांगला असता तर

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. रस्त्याला ऑफिसांच्या नव्या पाट्या लागत होत्या, आणि नळाला मात्र आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. मी तेव्हा एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला होते. झाडलोट करायची, सुया उकळायच्या, नंबराप्रमाणे पेशंट आत सोडायचे. फोन कंपाउंडर उचलायचा. मला अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा.

उदगीरकडची एक सून आली होती. सासरचं किराणा दुकान होतं, घरी दीड वर्षाची मुलगी. दोन महिने खोकला, रोज संध्याकाळी कणकण. डॉक्टरांनी बेडका तपासायला डब्या दिल्या. जाताना ती माझ्याजवळ हळूच म्हणाली, "बाई, काय निघालं तर घरी सांगू नका. मालकाला मी माझ्या तोंडानं सांगीन. सासूबाईला आधी कळलं तर लेकरू माझ्याजवळ ठेवणार न्हाईत."

मी मान हलवली.

बुधवारी लॅबचा लिफाफा आला. डॉक्टरांनी वाचला आणि मला म्हणाले, "ती आली की सरळ आत पाठव. टीबी आहे, औषधानं बरी होईल. पण हे तिलाच सांगायचं, दुसऱ्या कुणाला नाही." ती शुक्रवारी येणार होती.

गुरुवारी दुपारी गल्लीत टँकर आला. कंपाउंडर घागरी घेऊन धावला, डॉक्टर व्हिजिटला गेले होते. फोन वाजत राहिला, म्हणून उचलला.

"मी उदगीरकडून बोलायलेय, किराणा दुकानातून. आमच्या सुनंचा खोकल्याचा कागद आला का?"

"आला," मी म्हणाले. तेवढंही खरं तर बोलायला नको होतं.

"मग काय हाय त्यात?"

"ते डॉक्टर तिलाच सांगतेत."

"अगं, आमच्या घरचीच हाय ती. मी काय परकी हाय?"

"न्हाई, मावशी. पण फोनवर सांगत न्हाईत."

"अस्सं? आमच्या मालकाच्या लघवीचा कागद तर तुमच्या कंपाउंडरनं फोनवरच सांगितला. 'सगळं चांगलं हाय, यायची गरज न्हाई,' म्हनला. तवा कुठं गेला होता तुमचा कायदा?"

तसंच होतं आमच्याकडे. चांगला रिपोर्ट कंपाउंडर फोनवर सांगून टाकायचा, लोकांचा बसचा हेलपाटा वाचावा म्हणून. वाईट असला तरच 'येऊन भेटा' म्हणायचा. गावोगावच्या लोकांना ते पाठ झालं होतं, आम्हालाच कळलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "समजलं मला." आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सून आली, पण तपासायला आल्यासारखी नाही. हातात कपड्यांची पिशवी, बरोबर तिचा भाऊ. माहेर नांदेडकडे भोकरच्या बाजूला, तिथंच निघाली होती. रात्रीच सासूनं तिचं ताट-तांब्या वेगळं काढलं होतं. मुलगी ठेवून घेतली होती. नवरा दुकानात बसून होता, उठला नाही.

आत जायच्या आधी तिनं मला विचारलं, "तुमी सांगितलं का बाई?"

"न्हाई. शपथेवर न्हाई."

"मग त्यांना कळलं कसं?"

मी दार उघडलं. डॉक्टर तिला आत घेऊन बराच वेळ बोलले. नांदेडच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी डॉक्टरांना फोनचं सांगितलं. त्यांनी कंपाउंडरला बोलावून सांगितलं, "आजपासून चांगला असो, वाईट असो, कागद आला की नाही हेसुद्धा फोनवर सांगायचं नाही. ज्याचा आहे त्यालाच." लोक चिडले. "दवाखाना हाय का कलेक्टर ऑफिस," असं एका म्हाताऱ्यानं तोंडावर ऐकवलं. त्याचा रिपोर्ट तर चांगलाच होता.

पुढच्या वर्षी तिचं डॉक्टरांना कार्ड आलं. औषध पुरं झालं, बेडका स्वच्छ आला, वजन वाढलं. शेवटच्या ओळीत, मुलीला अजून बघितलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी फोन आला. आवाज पुरुषाचा, दबका. "उदगीरकडच्या किराणा दुकानातून बोलायलोय. आमच्या मंडळीचं दुखनं आता बरं झालं का? तेवढं सांगा. बरी असंल तर आनतो."

कार्ड टेबलावरच होतं. एका शब्दाचं काम होतं.

"दादा, इथून कुणाचंच सांगत न्हाईत. तिलाच जाऊन विचारा."

"तिथं कोनतं तोंड घेऊन जाऊ?"

त्याच्या मागं एक लहान मूल रडत होतं, ते ऐकू येत होतं. मग फोन बंद झाला.

तो गेला की नाही, मला कधी कळलं नाही. आणि ते विचारायचा हक्क मला नव्हता.