डोळ्यांखालची सावली

शनिवार पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत मी संगणकावर फोटो दुरुस्त करायला लागले, त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. मंडईत पालेभाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या. मुलांनी त्यांच्या साठीनिमित्त मोठा फोटो फ्रेम करायचा ठरवला होता. फोटो छान निघाला, पण डोळ्यांखाली निळसर-काळी वर्तुळं होती. चाळीस वर्षं पहाटे तीनला उठून माल घ्यायला जाणाऱ्या बाईची ती वर्तुळं.

"एवढं काळं तेवढं काढ गं," त्या म्हणाल्या.

मी काढलं. गालावरची स्वच्छ कातडी उचलून डोळ्यांखाली चिकटवली, वरून उजळ केली. दहा मिनिटांत काम फत्ते. दुसऱ्या दिवशी मावशींनी पडद्यावर पाहिलं आणि विचारलं, "डोळ्याखाली चुना लावलास व्हय?"

माझे कान तापले. खरंच, तिथे दोन सपाट पांढरी ठिगळं दिसत होती. ना सुरकुती, ना रंध्रं.

मागे बसलेल्या काकू उठल्या. त्या स्टुडिओतल्या सगळ्यांत जुन्या. फिल्मच्या निगेटिव्हवर पेन्सिलने डाग-सुरकुत्या झाकण्यापासून सुरुवात केलेल्या. "ऊठ जरा," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी माझं सगळं काम पुसलं. मूळ फोटोवर उजेड वाढवणारा एक वेगळा थर घेतला, तो आधी पूर्ण झाकून दिसेनासा केला आणि मऊ, अगदी क्षीण ब्रशने फक्त काळोख्या जागी थोडा थोडा उघडत गेल्या. एका फटक्यात काहीच दिसायचं नाही. कातडी त्यांनी बदललीच नाही, तिच्यावरचा उजेड बदलला. त्यामुळे प्रत्येक रेघ, प्रत्येक रंध्र जागेवर राहिलं. मग दुसऱ्या थरावर गालाचा रंग अगदी पुसट फिरवला, तेव्हा निळसरपणा गेला. मधूनमधून त्या पूर्ण चेहरा दिसेल इतका फोटो लहान करून बघत होत्या.

"आणखी थोडं उजळू या ना," मी म्हटलं.

"नाही. इथे खळगा आहे, सावली पडणारच. गालापेक्षा किंचित गडद राहिलं पाहिजे. नाहीतर डोळे चेहऱ्यात बसत नाहीत, वर चिकटवल्यासारखे दिसतात."

मी श्वास रोखून बघत होते. माणूस तोच, सुरकुत्या त्याच, आणि थकवा मात्र पहाटेच्या धुक्यासारखा हळूहळू विरत चाललेला. कुठे सुरू झालं, कुठे संपलं, काही कळत नव्हतं. त्या हाताला नमस्कार करावासा वाटला.

मावशींनी आधी दुरून पाहिलं. मग पडद्याजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "मीच हाय की ही. फक्त झोप झालीया माझी."

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि मला म्हणाल्या, "प्रिंटला पाठव."