नातीच्या कॉलेजसाठी अर्धं घर

"आजी, तासगावच्या घरातला तुमचा निम्मा हिस्सा तुम्ही भाच्याच्या नावे सोडताय. राजीखुशीने ना? मान्य आहे?"

नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी हे विचारलं तेव्हा माझा अंगठा मशीनपाशी पोचला होता. मी हात मागं घेतला. भाच्यानं मला कडेगावाहून आणलं होतं ते बँकेच्या कर्जाला सही पाहिजे म्हणून. मघाशी बाहेर वकिलाच्या टेबलावर केलेल्या सह्या त्याच कर्जाच्या, असं मी धरून चालले होते.

भाचा कानाशी वाकला. "व्हय म्हण, आत्ती. बँकेला हेच लागतंय."

मी साहेबांना सांगितलं, "मान्य न्हाई."

"मग दस्त नोंदवता येणार नाही," असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

घर माझ्या वडलांचं. त्यांच्या मागं उताऱ्यावर माझं आणि भावाचं नाव लागलं. भाऊ गेल्यावर त्याच्या जागी भाच्याचं आलं. माझं तसंच राहिलं. भाच्याच्या मुलीला सांगलीकडच्या खाजगी कॉलेजात इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती, तीही व्यवस्थापनाच्या कोट्यातली. त्या जागेला सरकारची फीमाफी नसते. चार वर्षांची फी आणि वसतिगृह धरून कर्ज इतकं मोठं होत होतं, की बँक घर तारण मागत होती. पहिल्या वर्षाची फी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत भरायची, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या पोराला.

पायऱ्या उतरताना भाच्याची बायको म्हणाली, "आवं आत्ती, दर दिवाळीला साडी घेत आलासा की. तवा न्हाई म्हटलं न्हाईसा."

"साडी भावानं बहिणीला दिलीया. ती काय घराची किंमत हुती?"

भाचा गाडीला टेकून उभा होता. तोंड काळंठिक्कर पडलेलं. "उद्या तुझी पोरं वाटणी मागायला आली म्हंजे? बँकेचा हप्ता मी फेडायचा आन् घर त्यांनी घ्यायचं?"

"ते मला कडेगावात का न्हाई विचारलंस?"

"तू आली नसतीस."

ते खरं होतं. आले नसते. गाडीत पोरगी मागं बसली होती. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, र्‍हाऊ द्या. मी बी.एस्सी. करते." बापानं तिला गप्प बस म्हटलं. मला पोरीची दया आली नाही, राग आला. पोरगी इतक्या लवकर माघार घेते तर चार वर्षं कशी काढणार?

"बँकेत चल," मी भाच्याला म्हणाले. "तिथं काय लागतंय ते मी विचारते."

बँकेतला कर्जाचा साहेब पोरगेलासा होता. त्यानं नीट सांगितलं. तारणाला घराच्या सगळ्या मालकांच्या सह्या पाहिजेत. हक्कसोड झाली असती तर भाच्याची एकट्याची चालली असती. नाहीतर मीही माझा हिस्सा तारण द्यायचा आणि जामीन राहायचं.

"हे मी तुमच्या घरच्यांना सांगितलं होतं," तो म्हणाला. भाचा पंख्याकडं बघत राहिला.

"आन् कर्ज फिटलं न्हाई तर?"

"घर विकून वसूल करू. तुमच्या हिश्श्यासकट."

"म्हंजे सोडला काय आन् तारण ठेवला काय."

"नाही आजी. कर्ज फिटलं की हिस्सा तुमचाच राहतो. सोडला तर परत येत नाही."

माझ्या मुलांना मी काही कळवलं नव्हतं. फोन केला असता तर दोघांनीही नको म्हटलं असतं. मालक फौजेत होते, त्यांच्या मागं मला पेन्शन आहे, पोटाची चिंता नाही. पण माझं म्हणावं असं ते अर्धं घरच. मी पोरीला पुढं बोलावलं.

"शिकायचंय का तुला?"

"व्हय."

"मग बी.एस्सी.चं का काढलंस?"

"भांडणं नको म्हणून."

"भांडणं झाली की आता. नापास झालीस तर तू आन् मी दोघी रस्त्यावर. कळतंय न्हवं?"

"कळतंय, आजी."

माझं नाव घालून कागद नव्यानं करायचे तर बँकेचा वकील लागत होता आणि तो गेला होता सांगलीला. आम्ही चौघं एका बाकावर बसून राहिलो. भाच्याची बायको दोनदा बाहेर जाऊन रडून आली. वकील आला तेव्हा शिपाई दार ओढून घेत होता. साहेबानं त्याला थांबवलं. मी प्रत्येक पानावर विचारत गेले, ह्यात सोडलं असं कुठं आहे का. वकील वैतागला, पण प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेनं पैसे परस्पर कॉलेजच्या खात्यावर पाठवले.

पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी एक विषय राहिला होता, तो तिनं काढला. भाचा माझ्याशी कामापुरतं बोलतो, त्याची बायको तेवढंही नाही. माझ्या मुलांना नंतर कळलं, ती वर्षभर धुसफुसत होती. घर अजून तारण आहे आणि उताऱ्यावर माझं नाव आहे. त्या बाकावर बसलेली आम्ही चारही माणसं अजून त्या एका कर्जाला बांधलेली आहोत.