मोबाइल डेटावर उघडून पाहा

न तपासता 'तपासलं' अशी खूण करणारी बया मीच. तेव्हा मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे आणि स्वतःला फार हुशार समजायचे. आज आजी झाले तरी त्या बाईचा राग येतो.

विद्यार्थ्यांच्या क्लबनं स्पर्धेच्या नोंदणीची साइट भाड्याच्या सर्व्हरवर चढवली होती. चाचणीपुरती ती फक्त कॉलेजच्या नेटवर्कवरून उघडायची. क्लबच्या सेक्रेटरीनं, एका मुलीनं, लाँचची चेकलिस्ट केली. ते बंधन ती काढणार होती. शेवटचं काम माझं होतं: 'वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर साइट उघडून पाहा.' बाईसाहेबांनी लॅबमध्ये, कॉलेजच्याच वाय-फायवर पाहिली. छान उघडली. केली खूण!

नोंदणी सुरू झाली आणि बाहेरच्या एकाही कॉलेजला साइट उघडेना. बंधन तसंच राहिलं होतं. मी सगळ्या क्लबसमोर त्या मुलीवर कडाडले, "एवढंही जमत नाही? गावभर पोस्टर लावलीत, लाज गेली माझी!"

तिनं आधी बंधन काढलं. लोकांची नावं येऊ लागली. मग माझ्या खुणेवर बोट ठेवून ती म्हणाली, "मॅडम, मी विसरले तर कळावं म्हणूनच हे काम ठेवलं होतं. ते तुम्हाला दिलं, एवढी चूक मात्र माझीच."