जमुनाचा हसरा फोटो

नीलमचं कॅफे अमरावतीत, एका वस्तीच्या कोपऱ्यावर. गिऱ्हाइकं स्वतःचे फोटो पाठवायची, तेच ती कॅफेच्या पेजवर टाकायची. आपलीच कॉफी आपण चांगली म्हटली तर कोण ऐकतं? शेजारीण चांगली म्हणाली तरच लोक येतात. पण चोरून नाही हं! आधी मेसेज : "फोटो आमच्या पेजवर टाकू का? नाव लिहू का?" हो आलं की मगच. या गोष्टीचा तिला भारी तोरा होता.

रागिणी नावाच्या कॉलेजच्या पोरीनं एक फोटो मैत्रिणींपुरता टाकला अन् कौतुकानं कॅफेलाही पाठवला. तिची मावशी जमुना, ओठावर कोल्ड कॉफीचा फेस, खळखळून हसतेय. नीलमनं विचारलं, रागिणीनं "टाका ना ताई!" म्हटलं. झालं. 'आमच्याकडे माणसं अशी हसतात,' असं लिहून नीलमनं तो साऱ्या जगासमोर ठेवला. हसणाऱ्या बाईला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

जमुनाचा नवरा नुकताच वारला होता. रडून रडून बाई वाळली, म्हणून भाचीनं तिला बळंच कॅफेत नेलं होतं. जमुना अन् तिचा लहानगा मुलगा ललित जवळच्याच भातकुली गावात सासरी राहायचे. कोण्या नातेवाइकानं फोटो सासूला, सुंदराबाईला दाखवला.

"माहा पोरगा जाऊन चार महिने नाई झाले, अन् हे खिदळून राह्यली! निंघ घरातून. नातू आमचा हाय, त्याले हात लावू नको."

बाप्पा, काय ते बोलणं! जमुना नेसत्या लुगड्यानिशी बहिणीकडे आली. ललित दारात रडत राहिला, त्याला कोणी येऊ दिलं नाही.

फोटोखाली जमुनाच्या दिरानं शिव्या लिहिल्या, तेव्हा नीलमला कळलं. तिनं फोटो काढून टाकला. पण काय उपयोग? भातकुलीत तो घरोघरच्या मोबाइलवर पोचला होता.

दुसऱ्या दिवशी रागिणी जमुनाला घेऊन कॅफेत आली. नीलमनं घाईघाईनं मोबाइल पुढे केला. "मी विचारलं होतं हो! हे बघा, हिनं हो म्हटलंय."

"हिले विचारलं," जमुना म्हणाली. "तोंड त माहं होतं ना, बाई? सासूले म्हणा, मी दुःखात होती. तुमचं ऐकतील. माहं पोरगं द्या म्हणा."

नीलमला लाज वाटली, स्वतःची चीडही आली. तिनं जमुनाच्याच मोबाइलवरून सुंदराबाईला फोन लावला अन् सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. आपलीच चूक झाली, म्हणून कितीदा सांगितलं. सुंदराबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"घ्या, पोराशीच बोला," ती म्हणाली. "बोल रे, काय इचाराचं हाय तुले."

जमुनानं झडप घालून मोबाइल उचलला. "ललित! जेवला काय, बाळा?"

"आई," पोरगं म्हणालं, "बाबा मेले त तू हसली काहून?"

मोबाइल जमुनानं कानाशी तसाच दाबून धरला. पलीकडून सुंदराबाईनं फोन केव्हाच बंद केला होता.