तीन पानांतल्या नऊ ओळी

नवी पेठेच्या मागच्या बोळात वैजयंती हिरेमठचं टायपिंगचं दुकान आहे. वीस वर्षं ती लोकांचे अर्ज टाइप करत आली. जसं लिहून आणतील तसं, काना-मात्रेपलीकडे हात न लावता. हा नियम तिनं एका मंगळवारी मोडला, तो रागाच्या भरात.

त्या दिवशी गुरुशांत आला. भवानी पेठेतल्या एका टॉवेल कारखान्यात तो मागावर काम करायचा. उजव्या हाताला बँडेज होतं, डाव्या हातात तीन पानांचा अर्ज. अर्जावर कारखाने तपासणाऱ्या कार्यालयाचा लाल शेरा होता : ‘मुद्दा स्पष्ट करावा.’

“अक्का, दीड महिन्यानं परत आला. ह्यात काय लिवलंय ते मलाबी कळंना.”

वैजयंती वाचू लागली. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन सादर करण्यात येते की...’ पहिलं पान असंच संपलं. दुसऱ्यावर ‘सदर इसमाच्या हाताच्या बोटांना गंभीर स्वरूपाची इजा पोहोचण्याची दुर्दैवी घटना घडून आली’. मागाच्या पट्ट्यावरच्या संरक्षक जाळीचा उल्लेख थेट तिसऱ्या पानाच्या तळाशी : ‘सदर यंत्रावरील सदर जाळी सदर कालावधीत पर्यवेक्षकांच्या सूचनेवरून काढण्यात आलेली असल्याचे समजते.’

“बोटांचं काय झालं?”

“दोन तुटली की.”

“मग ‘तुटली’ असं का नाही लिहिलं?” ती इतक्या जोरात बोलली की शेजारचा घड्याळजी डोकावला. “कोणी लिहिलंय हे?”

“कमलाकरसाहेबांनी.”

कमलाकर म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. पेठेत त्यांच्या अर्जाला मान होता. वैजयंतीनं लाल पेन उचललं. ‘सविनय निवेदन’ खोडलं. सगळे ‘सदर’ खोडले. ‘इजा पोहोचण्याची घटना घडून आली’च्या जागी ‘दोन बोटे तुटली’ आलं. अपघाताची वेळ ‘सुमारे साडेदहा’ लिहिली होती, त्यातला ‘सुमारे’ मात्र ठेवला, कारण गुरुशांतनं घड्याळ पाहिलं नव्हतं. मग पेन ‘असल्याचे समजते’वर आलं. पर्यवेक्षकाचा तिला इतका संताप आला होता की तेही तिनं फर्रकन खोडलं आणि मोठ्यानं वाचलं : “पर्यवेक्षकाने जाळी काढायला लावली.”

गुरुशांतनं नकारार्थी मान हलवली.

“का रे? तू पाहिलं नाहीस?”

“जाळी नव्हती हे पायलं. आठ दिवस उघडाच पट्टा फिरत होता. पन काढायला कुनी सांगितलं ते महादेवप्पा म्हनला. तो शेजारच्या मागावर हाय.”

वैजयंतीचा हात थांबला. ते दोन शब्द भरतीचे नव्हते. ते काढले असते तर गुरुशांतच्या तोंडी खोटं गेलं असतं, आणि एका प्रश्नात अख्खा अर्ज कोसळला असता. तिला स्वतःचाच राग आला. पण ‘समजते’ म्हणजे कुणाकडून समजते? तिनं वाक्य तोडून दोन केली : ‘अपघाताआधी आठ दिवस जाळी नव्हती, हे मी पाहिले. पर्यवेक्षकाने ती काढायला लावली, असे महादेवप्पा या कामगाराने मला सांगितले.’

महादेवप्पाला फोन लावला. “जाळी काढायला सुपरवायझरसाहेबानं माझ्यासमोर सांगितलं. लिवा माझं नाव,” तो म्हणाला.

नऊ ओळी झाल्या. त्या छापत असतानाच कमलाकर दारात आले.

“वैजयंतीबाई, माझा अर्ज कापलात म्हणे? अर्जाला वजन लागतं!”

“वजनानं बुडाला तो, कमलाकरराव. माणसाची बोटं गेली आणि तुम्ही ‘इजा पोहोचली’ म्हणता! तुमचं पहिलं पान काढलं, सांगा, काय कमी झालं?”

त्यांनी नऊ ओळी दोनदा वाचल्या. कमी झालेलं काही सापडलं नाही. “अदब कमी झाली,” एवढं म्हणून ते गेले.

नवा अर्ज दिल्यावर पंधरा दिवसांनी कार्यालयाचं उत्तर आलं. ‘आपल्या अर्जातील मजकुराचे अवलोकन करण्यात आले असून नियमानुसार उचित ती कार्यवाही करण्याची तजवीज ठेवण्यात येत आहे.’ वैजयंतीनं त्यावरही पेन चालवलं. भरती खोडता खोडता ‘अर्ज वाचला’ एवढंच शिल्लक राहिलं. ना नाव, ना तारीख. तिनं दुकानाचं शटर ओढलं आणि गुरुशांतला घेऊन तडक ते कार्यालय गाठलं.

“तपासणीला कोण येणार? कोणत्या तारखेला?” तिनं अधिकाऱ्याला विचारलं.

“कळवण्यात येईल.”

“कोण कळवणार?”

रांगेतली माणसं वळून पाहू लागली. अधिकाऱ्यानं अर्ज मागवला, उभ्यानंच वाचला आणि खाली स्वतःच्या हातानं निरीक्षकाचं नाव आणि तपासणीची तारीख घातली.

त्या तारखेला निरीक्षक खरोखर कारखान्यात आले. गुरुशांतच्या मागावर नवी कोरी जाळी होती, पण आणखी सहा मागांचे पट्टे उघडेच होते. पर्यवेक्षक ‘मी असं बोललोच नाही’ म्हणाला. महादेवप्पानं त्याच्या तोंडावर साक्ष दिली. मालकावर खटला भरला गेला, सहाही माग जाळ्या बसेपर्यंत बंद राहिले.

गुरुशांतला आता सुताची गाठ मारता येत नाही. तो गोदामात गठ्ठे मोजतो. कमलाकर वैजयंतीशी बोलत नाहीत, आणि त्या पहिल्या अर्जानं खाल्लेल्या दीड महिन्याचा विषय निघाला की तिचा आवाज अजून चढतो. तेवढे दिवस ते सहा पट्टे उघडेच फिरत होते.