अट बाकी होती

निर्मळजवळच्या आमच्या गावात अजून बोलतात, की माझ्या नातीला इंग्लंडच्या विद्यापीठाने फसवलं. डिपॉझिट घेतलं आणि व्हिसासाठी लागणारं काही दिलं नाही. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात हे ऐकताना मी नुसती मान हलवत आलो. ते खरं नाही.

तिला प्रवेश मिळाला होता, पण सशर्त. पदवीचे गुण विद्यापीठाने मान्य केले होते. इंग्रजीच्या परीक्षेचे तेवढे बाकी होते. परीक्षेची तारीख नेमकी माझ्या पुतण्याच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आली. त्या संध्याकाळी आमच्याकडे बँड लावून विहिरीवरून पाणी आणतात, आणि नात करवली.

"आजोबा, पेपर देऊन मी दमून येईन. नाचले नाही तर कोण रुसणार आहे?"

"मी. तू पुढची तारीख घे. आपण आधी डिपॉझिट भरून टाकू. पैसे घेतल्यावर कोणी दार लावतं का?"

"तुम्ही लग्नाचा हॉल बुक करताय का?" ती हसली. पण तारीख तिने बदलून घेतली.

लग्न हे निमित्त होतं. तिचे आईवडील आखातात, तिची आजी गेलेली. घरात दोनच ताटं लागायची. जाणं थोडं लांबलं तर बरं, असं मला वाटत होतं.

पुढच्या परीक्षेत तिला हवे तेवढे गुण मिळाले, पण विद्यापीठाने दिलेली मुदत तोवर संपली होती. त्यांनी स्वच्छ कळवलं: डिपॉझिटने जागा राखली जाते, पण सगळ्या अटी पुऱ्या झाल्याशिवाय सीएएस देता येत नाही. सीएएस म्हणजे प्रवेश पक्का झाल्याची विद्यापीठाची नोंद. त्या नोंदीचा क्रमांक नसेल तर व्हिसाचा अर्जच करता येत नाही. डिपॉझिट त्यांनी पुढच्या वर्षीच्या प्रवेशाकडे वळवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

ते वर्ष तिने विरारला क्लासमध्ये शिकवून काढलं. कोणी विचारलं की म्हणायची, "तिकडून उशीर झाला." माझं नाव तिने कधी घेतलं नाही. घरातही ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मग प्रवेश बिनशर्त झाला, सीएएस आला, त्यात डिपॉझिट भरल्याची नोंदही होती. व्हिसा मिळाला आणि ती गेली.

परवा शेजारचा फुलवाला मुलाचं ऑफर लेटर घेऊन आला. "काका, तेच विद्यापीठ आहे. नको म्हणून कळवू ना?"

त्याला सगळं सांगितलं. त्याने पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं. "मग पोरगी बोलली का नाही इतके दिवस?"

रविवारी तिचा फोन आला तेव्हा तिलाही सांगितलं, की मी त्याला खरं काय ते बोललो.

"त्याच्या मुलाला सांगा, आधी परीक्षा दे म्हणावं," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.